पहिला तक्ता चुकला होता

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या परिचयाच्या एका संस्थेचे सचिव घरी आले. संस्था मुलींचे वसतिगृह चालवते. तिथे हिशेबनीस-कारकुनाची एक जागा भरायची होती आणि आदल्या रविवारी तीन उमेदवारांच्या मुलाखती झाल्या होत्या. निवड समिती पाच जणांची, पण हजर राहिले तिघेच. एका ताईंची दवाखान्यात ड्यूटी होती आणि एक काका मयतीला गावी गेले होते. म्हणून सचिवांनी प्रत्येक उमेदवाराला विचारून, त्याचा होकार घेऊन, मोबाईल टेबलावर ठेवला आणि तिन्ही मुलाखती रेकॉर्ड केल्या. ते आम्हाला म्हणाले, "तुम्ही बी.कॉम. आहात, कागद करायची सवय आहे. हे ऐकून समितीसाठी एक तक्ता करून द्या. रविवारी बसून निर्णय घेऊ."

काम सोपे वाटले. रात्री जेवण झाल्यावर आम्ही मोबाईल उशाशी ठेवून तिन्ही मुलाखती एका दमात ऐकल्या आणि लगेच तक्ता लिहिला. त्यातल्या दोन ओळी इथे जशाच्या तशा देतो. "उमेदवार 1 : आत्मविश्वास उत्तम, बोलणे छाप पाडणारे, अनुभव भरपूर. 10 पैकी 8." आणि "उमेदवार 3 : मुलगी बुजरी, उत्तराला वेळ लावते, भाषा ग्रामीण. 10 पैकी 5." उमेदवार 2 मधला होता, त्याला मधले गुण दिले.

सकाळी आमच्या मंडळींनी चहा देताना तो कागद वाचला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, या मुलीचं चुकलं काय?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तिने कोणत्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे दिले, ते आम्हाला आठवेना. आठवत होता तो फक्त तिचा आवाज. पाच गुण आम्ही तिच्या आवाजाला दिले होते. त्या कागदावर समिती बसली असती, तर त्या मुलीची नोकरी आमच्या एका ओळीने गेली असती आणि तिला कारणही कळले नसते.

हा दोष फक्त आमचा नाही. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथे लेखी परीक्षेला 100 गुण आणि तोंडी मुलाखतीला 50 गुण होते, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा बोलण्यावर. विद्यार्थ्यांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांतच उरकली आणि विचारले काय, तर आईवडील कोण नि राहता कुठे. अजय हसिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर 1980 मध्ये दिला. तोंडी मुलाखतीला 15 टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे हे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात आणखी एक सूचना होती. मुलाखत टेपवर रेकॉर्ड करणे इष्ट आहे, म्हणजे काय विचारले आणि काय उत्तर आले याचा त्याच वेळचा पुरावा राहील आणि समितीच्या मनमानीला आळा बसेल.

तो निकाल प्रवेशाचा होता, आमच्यापुढचा मामला छोट्या संस्थेतल्या नोकरीचा. पण मुद्दा लागू पडतो. पुरावा मोबाईलमध्ये पडून होता आणि आम्ही त्यातून पुरावा न काढता आमचे मत काढले होते. पहिला कागद बाजूला ठेवून आम्ही काम पुन्हा सुरू केले. ते कसे केले, हे आज सांगतो. आपल्या मंडळांत, पतपेढ्यांत, शाळांत अशी निवड होतच असते.

पहिले काम मोबाईलला हात न लावता केले. सचिवांना विचारले, की हा माणूस महिनाभर करणार काय? त्यांनी चार कामे सांगितली. रोकडवही आणि बँकेचा मेळ घालणे, रोख पैसा पावतीवर सांभाळणे, संगणकावर नोंदी करणे आणि फीसाठी आलेल्या पालकांशी नीट बोलणे. हे चार आमच्या तक्त्याचे मथळे झाले. "व्यक्तिमत्त्व" आणि "आत्मविश्वास" हे मथळे काढून टाकले, कारण त्या नावाचे काम वसतिगृहात नाही.

मग प्रत्येक मथळ्याखाली 1 ते 4 गुण कशाला द्यायचे, तेही ऐकण्याआधीच लिहिले. ऐकल्यावर लिहिले, तर जो आवडला त्याच्या मापाचा अंगरखा शिवला जातो. समितीने तिघांनाही एक चिठ्ठी दिली होती. तीवर रोकडवहीचे पान आणि पासबुकाच्या नोंदी होत्या. रोकडवहीप्रमाणे बँकेत शिल्लक 48,250 रुपये, पासबुकात मात्र 56,400 रुपये. फरक 8,150 रुपयांचा. हा का पडला आणि पुढे काय कराल, हा प्रश्न. याचे माप आम्ही असे ठरवले : फरकाची दोन्ही कारणे सापडली आणि वहीत काय लिहायचे तेही बरोबर सांगितले, तर 4. कारणे सापडली पण नोंद चुकली, तर 3. एकच कारण सापडले किंवा नुसते पद्धतीचे नाव सांगितले, तर 2. फरक तसाच सोडला किंवा आकडा जुळावा म्हणून खोटी नोंद सुचवली, तर 1.

नंतर ऐकायला बसलो. एका उमेदवाराची मुलाखत पूर्ण ऐकून दुसऱ्याकडे जाण्याऐवजी एकच प्रश्न घेतला आणि त्यावर तिघांची उत्तरे ओळीने ऐकली. त्यामुळे एका प्रश्नात छाप पाडणाऱ्याचा उजेड त्याच्याच दुसऱ्या उत्तरावर पडत नाही. प्रत्येक उत्तराच्या पुढे चार गोष्टी लिहिल्या : रेकॉर्डिंगमधली वेळ, उमेदवाराचे स्वतःचे शब्द, त्याचा आम्ही लावलेला अर्थ, आणि शेवटी गुण. शब्द आणि अर्थ यांचे रकाने वेगळे ठेवले, कारण आमच्या पहिल्या कागदावर नुसता अर्थच होता.

आता तो प्रश्न पाहा. उमेदवार 1 याचे उत्तर 6 मिनिटे 10 सेकंदांपासून सुरू होते आणि जवळजवळ चार मिनिटे चालते. "सर, रिकन्सिलिएशन तर आम्ही दर महिन्याला करायचो. मोठ्या फर्मचं अकाउंट होतं. टॅलीत सगळं टाकलं की एंट्री टू एंट्री मॅच करायची. आमचं काम एकदम परफेक्ट असायचं." ऐकायला फार गोड. रात्री आम्ही यालाच भुललो होतो. पण शब्द कागदावर उतरवल्यावर दिसले, की 8,150 चे कारण त्यात कुठेही नाही. चिठ्ठीवरचा एकही आकडा त्याने उच्चारला नाही. पद्धतीचे नाव सांगितले, म्हणून गुण 2.

त्यातला "आम्ही" हा शब्दही पाहण्यासारखा आहे. या सदरात आम्ही स्वतःला "आम्ही" म्हणतो, ती लिहिण्याची रीत झाली. पण उमेदवार "आम्ही करायचो" म्हणतो, तेव्हा त्यातले त्याच्या हाताने किती झाले आणि शेजारच्या टेबलावर किती, हे विचारावे लागते. समितीने ते विचारले नव्हते. तेव्हा तक्त्यात "हे काम याने केले आहे" असे लिहिणे खोटे, आणि "केलेले नाही" असे लिहिणेही खोटे. आम्ही लिहिले : "स्वतः काय केले, हे विचारले गेले नाही."

उमेदवार 3 हिला हाच प्रश्न 5 मिनिटे 5 सेकंदांना विचारला आहे. त्यानंतर नऊ सेकंद शांतता आहे. रात्री हीच शांतता आम्ही "उत्तराला वेळ लावते" म्हणून लिहिली होती. सकाळी कानात इअरफोन घालून ऐकले, तर त्या शांततेत कागदाची सळसळ आणि पेनाचा बारीक आवाज येतो. मुलगी चिठ्ठीवर आकडे मांडत होती. मग ती बोलते, "वाण्याला साडेआठ हजाराचा चेक दिलाय, तो आपल्या वहीत चढलाय. पण त्यानं अजून बँकंत टाकला नसंल, म्हणून पासबुकात पैसे जास्त दिसत्यात. आन् बँकेनं साडेतीनशे चार्ज कापलाय, तो आपल्या वहीत नाही." समितीतले एक जण विचारतात, मग करणार काय? ती म्हणते, "चार्ज वहीत खर्ची टाकायचा. चेकला हात लावायचा नाही, तो आधीच लिहिलाय."

बेरीज करून पाहा. 48,250 मध्ये 8,500 मिळवले, तर 56,750 होतात. त्यातून 350 वजा केले, की 56,400. पासबुकाशी पै न् पै जुळते. नोंदीचेही तिने बरोबर सांगितले. न वटलेला चेक पुन्हा लिहायचा नसतो, तो फक्त जुळवणीच्या पत्रकात दाखवायचा. बँकेचा आकार मात्र वहीत घ्यायलाच हवा. सगळे उत्तर एका मिनिटाच्या आत. गुण 4. आम्ही सचिवांकडून तिची चिठ्ठी मागवली. कडेला पेन्सिलीने हेच तीन आकडे मांडलेले होते. रेकॉर्डिंगला डोळे नसतात, म्हणून हाताने केलेल्या कामाचा कागद तक्त्याला जोडावाच.

इथे एक ठेच लागली, तीही सांगतो. पहिल्यांदा ऐकताना आम्ही "साडेतीनशे" ऐवजी "अडीचशे" लिहून गेलो होतो. पंखा चालू होता, मोबाईल परीक्षकांच्या बाजूला होता. 250 धरले तर बेरीज 56,500 येते आणि मुलगी शंभर रुपयांनी चुकलेली दिसते. तेव्हा आकडा, तारीख आणि "नाही" हा शब्द तीनदा ऐकावा. तरीही कळले नाही, तर अंदाज न लिहिता "ऐकू आले नाही" असे लिहून वेळ नोंदवावी.

दुसरा प्रश्न रोख पैशाचा. एखादा पदाधिकारी आला आणि म्हणाला, 2,000 रुपये दे, पावती उद्या देतो, तर काय कराल? उमेदवार 1 म्हणतो, "सर, आपल्याच माणसावर विश्वास ठेवावा लागतो. ॲडजस्ट करून घेऊ." उमेदवार 3 म्हणते, "सचिवांची सही आणली तर दीन, आन् उचल म्हणून त्याच्या नावावर लिहीन. नुसतं तोंडी नाही द्यायची." या उत्तरांवर आम्ही आमची टीका लिहिली नाही. दोघांचे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि ठरलेल्या मापाने गुण दिले. पहिल्याला 1, तिसरीला 4.

पण तक्ता एका बाजूला झुकवून चालत नाही. संगणकाच्या प्रश्नावर उमेदवार 1 याने व्हाउचरची नोंद कशी करतो, चुकलेली नोंद कशी दुरुस्त करतो आणि रोज संध्याकाळी बॅकअप कुठे ठेवतो, हे पायरीपायरीने सांगितले. तिथे त्याला 4. मुलगी म्हणाली, "तीन महिन्याचा क्लास केलाय, पण नोकरीत वापरलं नाही." तिला 2. पहिल्या कागदामुळे आम्हाला अपराधी वाटत होते, म्हणून हात सैल सोडून 3 द्यावेत असा मोह झाला. दिले नाहीत. एका बाजूचा अन्याय दुसऱ्या बाजूच्या मेहेरबानीने फिटत नाही, उलट तक्त्याची पत जाते.

चौथा मथळा पालकांशी बोलण्याचा. उमेदवार 1 याने फी थकलेल्या एका पालकाशी तो कसा बोलला, हे सविस्तर सांगितले होते. त्याला 3. तिसरीच्या रकान्यात मात्र काहीच सापडेना. रेकॉर्डिंग पुन्हा तपासले. तो प्रश्न तिला विचारलाच नव्हता. रात्री आम्ही ही रिकामी जागा "बुजरी" या शब्दाने भरली होती. ज्याचा पुरावा नाही, तिथे शून्यही लिहायचे नाही आणि सरासरीही लिहायची नाही. "विचारले नाही" एवढे दोन शब्द लिहायचे.

प्रश्न का राहिला, हेही तक्त्याच्या वरच्या ओळीत दिसले. तिथे आम्ही प्रत्येक मुलाखतीची लांबी लिहिली होती. उमेदवार 1 : 29 मिनिटे. उमेदवार 3 : 17 मिनिटे. पहिल्याच्या 29 पैकी सात मिनिटे त्याच्या जुन्या साहेबांशी समितीतल्या एकांची ओळख निघाली, त्या गप्पांत गेली आहेत. तिसरीच्या 17 पैकी तीन मिनिटे "लग्नाचं काय ठरलंय", "घरी कोण कोण असतं", "राहता नेमकं कुठं" यांत गेली. आईवडील कोण, राहता कुठे, याच प्रश्नांवरून 1980 साली श्रीनगरची मुले न्यायालयात उभी होती, आणि इथे ते विचारणारी आपलीच माणसे होती. तिची त्यावरची उत्तरे आम्ही तक्त्यात घेतली नाहीत, कारण चार कामांपैकी एकाशीही त्यांचा संबंध नाही. मात्र असे प्रश्न विचारले गेले आणि त्यात किती वेळ गेला, ही नोंद खाली ठेवली. झाकून ठेवली असती, तर समितीला स्वतःची चूक दिसली नसती.

तक्त्यावर नावे, आडनावे, गाव काही नव्हते, फक्त 1, 2, 3 हे आकडे होते. एकूण बेरीजही केली नाही. बेरजेत पैशाच्या प्रश्नातला 1 गुण संगणकाच्या 4 गुणांखाली लपतो, आणि हिशेबनिसाच्या जागेवर तो लपून चालत नाही. कोणाला घ्यावे, हेही लिहिले नाही. ते समितीचे काम. प्रत्येक उमेदवाराच्या पानाच्या शेवटी "काय विचारायचे राहिले" एवढा एक रकाना दिला. दर उमेदवाराला एकच पान झाले, पण ते करायला प्रत्येकी सुमारे दोन तास लागले.

तक्ता खरा आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. मुलाखतीला हजर नसलेल्या त्या ताईंना आम्ही तक्ता दिला आणि म्हटले, "कोणतेही तीन गुण निवडा, त्यांच्या वेळेवर रेकॉर्डिंग लावा आणि आमचा आकडा झाकून तुम्ही गुण द्या." त्यांनी तसे केले. दोन ठिकाणी आकडा जुळला. पालकांशी बोलण्याच्या प्रश्नावर उमेदवार 2 याला आम्ही 3 दिले होते, त्यांनी 2 दिले. पुन्हा ऐकले, तर त्याने प्रसंग सांगितला होता पण शेवट काय झाला ते सांगितलेच नव्हते. ताईंचे बरोबर होते. आम्ही आकडा खोडून 2 केला आणि शेजारी सही केली. आमच्या पहिल्या कागदाची अशी परीक्षा घेताच आली नसती. "आत्मविश्वास उत्तम" कितव्या मिनिटाला आहे, ते कोण दाखवणार?

रविवारी समिती बसली. ज्यांनी लग्नाचा प्रश्न विचारला होता, ते काका तक्त्याची शेवटची ओळ वाचून थोडे गोरेमोरे झाले, मग म्हणाले, "हे राहू द्या कागदावर. पुढच्या वेळी लक्षात राहील." कोणाचीही निवड त्या दिवशी झाली नाही. राहिलेले प्रश्न विचारायला तिघांनाही पुन्हा बोलावले, प्रत्येकाला पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. मुलीला पालकांचा प्रश्न विचारला. उमेदवार 1 याला बँकेच्या मेळाची नवी चिठ्ठी दिली आणि सांगितले, की इथे बसून स्वतः सोडवा. त्याला एक कारण सापडले, दुसरे सापडले नाही.

जागा उमेदवार 3 हिला मिळाली. पहिले तीन महिने संध्याकाळी टॅलीचा सराव करायचा, ही अट घालून, कारण तक्त्यात तिथे 2 होता आणि तो 2 च होता. उमेदवार 1 याला सचिवांनी घरी बोलावून त्याचे पान वाचून दाखवले. पैशाच्या प्रश्नावरचे स्वतःचे शब्द वाचून तो बराच वेळ गप्प बसला, पण भांडला नाही. निवड पक्की झाल्यावर सचिवांनी आमच्यासमोर तिन्ही रेकॉर्डिंग मोबाईलमधून पुसली आणि तक्ते फाईलला लावले.

आमचा पहिला कागद मात्र फाईलला लावलेला नाही. तो आमच्या मंडळींनी घरच्या डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवला आहे.